‘भव्य पार्किंग’ खोडून ‘३५ गाड्या’ लिहिलं त्याची गोष्ट: रत्नागिरीकडच्या एका मंगल कार्यालयाचं ब्रोशर

कार्यालयाचं नाव देत नाहीये, गरजही नाही. रत्नागिरीपासून जवळ, हायवे सोडून थोडं आत, जांभ्याची इमारत, मागे कलमं, बाजूला विहीर आणि मोकळी जागा. चालवणारे काका-काकू आणि त्यांचा मुलगा. माझं काम डीटीपीचं आणि छपाईचं, पत्रिका, फ्लेक्स, मेनूकार्ड असलं सगळं, त्यामुळे काका आले ते जुनं ब्रोशर हातात घेऊनच आले आणि म्हणाले की हेच परत छाप, फक्त फोटो नवीन टाक. जुन्या ब्रोशरवर काय होतं तर ‘भव्य पार्किंग, प्रशस्त हॉल, १००० लोकांची आसनव्यवस्था, उत्तम कॅटरिंग, सर्व सुविधांनी युक्त’. म्हणजे चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही हॉलचं नाव वर टाकलं तरी चालेल असं.

मी विचारलं की फोन येतात ना? म्हणे ढीग येतात, पण बुकिंग होत नाही. मग विचारलं की फोनवर लोक विचारतात काय. याचं उत्तर काकूंनी दिलं, कारण फोन त्या घेतात. ‘अरे तीनच प्रश्न असतात. वऱ्हाडाची बस आत येईल का, आमची पाचशे माणसं आहेत तर जेवण किती वाजता आटपेल, आणि आचारी आमचा आणला तर चालेल का.’ बस, ब्रोशरचा मजकूर तिथेच तयार झाला म्हणायचा, फक्त तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरं कुणाकडे नव्हती.

इथे एक गोष्ट आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. कोकणातल्या लग्नाचा निर्णय पुष्कळदा हॉल न बघताच अर्धा झालेला असतो. मुलीचे वडील डोंबिवलीत किंवा विरारला, लग्न गावाला करायचं कारण देव इथे, भावकी इथे, आणि मुंबईच्या मानाने खर्चही आटोक्यात. ते गणपतीला येतात तेव्हा दोन-तीन हॉल पाहून जातात किंवा तेही जमत नाही, मग कुणीतरी पुतण्या ब्रोशरचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि तिकडे चार माणसं मोबाईल मोठा करून करून वाचतात. त्या माणसाला ‘भव्य’ या शब्दाने काहीच कळत नाही. त्याला त्याची बस डोळ्यासमोर आणायची असते.

तर पार्किंगपासून सुरुवात केली. काकांचं म्हणणं होतं दीडशे गाड्या लिही, कारण एका लग्नाला तेवढ्या लागल्या होत्या. मी म्हटलं कुठे लागल्या होत्या, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला पार वळणापर्यंत. ते आपलं पार्किंग नाही ना काका. मग टेप घेऊन मोजलं. मोकळी जागा कागदावर २२ गुंठे, पण त्यातली कलमं, विहीर, जनरेटरची शेड आणि उताराचा भाग सोडला तर सपाट वापरण्यासारखी १५ गुंठे. आता हिशेब असा की एका चारचाकीला उभी राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात, पण तिला आत यायला-बाहेर पडायला मध्ये रस्ता पण सोडावा लागतो, तो सगळा धरून एका गाडीमागे २७० चौरस फूट तरी जातात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे एका गुंठ्यात चार गाड्या. लोक हा आकडा ऐकून चक्रावतात, त्यांना वाटतं दहा तरी बसतील. बसतात, पण मग पहिली आलेली गाडी शेवटी निघते, आणि तिच्यात नेमके नवरदेवाचे आजोबा असतात ज्यांना गोळ्या घ्यायला लवकर घरी जायचंय.

बरं १५ गुंठे सगळे चारचाकीला नाहीतच. पाचशे माणसांचं मध्यमवर्गीय लग्न आपल्याकडे येतं कसं ते बघा. वऱ्हाडाच्या एक-दोन बस, वाडीतली माणसं रिक्षाने नाहीतर एसटीने, पोरं बाईकवर, आणि बाकीचे गाडीने. दोन बस उभ्या करायच्या आणि वळवायच्या म्हणजे ४ गुंठे गेले, साठेक दुचाकींना २ गुंठे, उरले ९. नऊ चोक छत्तीस. काका एकदम गप्प. मग म्हणाले, ‘अरे छत्तीस लिहिलंस तर कोण येणार? पलीकडचा हॉलवाला दोनशे लिहितो.’

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही, धंद्यात शेजारी दोनशे लिहीत असताना आपण छत्तीस लिहायचं म्हणजे पोटात गोळा येतोच. पण माझा मुद्दा असा होता की आकडा एकटा लिहायचाच नाही, कुठल्या गाड्या ते सांगायचं. आम्ही लिहिलेली ओळ ही: ‘कंपाऊंडच्या आत ३५ चारचाकी, ६० दुचाकी आणि वऱ्हाडाच्या २ बस, प्रत्येकीला निघायला वाट मोकळी.’ ही ओळ वाचून डोंबिवलीतल्या माणसाला कळतं की अरे यांनी बस मोजलीये. दोनशे लिहिणाऱ्याने बस मोजलेली नसते.

पण ही ओळ लगेच छापता आली नाही, कारण बस आत येतच नव्हती! म्हणजे गेट बारा फुटांचं, बस रुंदीला साडेआठ फूट, वाटतं आरामात जाईल. पण समोरचा रस्ता दहा फुटी आणि गेट त्याला काटकोनात, त्यामुळे बसला वळायला जागाच मिळत नाही, पुढचं तोंड आत गेलं की मागचं चाक गडग्यावर चढतं. आजवर बसवाले बाहेर रस्त्यावरच माणसं उतरवायचे आणि म्हाताऱ्या बायका नऊवारी सावरत उन्हातून चालत यायच्या. हे काकांना माहीत होतं पण त्यात काही अडचण आहे असं कधी वाटलं नव्हतं, कारण ते स्वतः आतच असतात. शेवटी गडग्याचा एका बाजूचा भाग काढून गेट अठरा फूट केलं आणि कोपरा तिरका कापला. चिरे काढायला दोन गडी आणि नवीन लोखंडी गेट एवढाच खर्च. मग एका ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याला रिकामी बस घेऊन बोलावलं, ती आत आली, वळली, बाहेर गेली. वरून जाणारी विजेची सर्व्हिस वायर मात्र खाली लोंबत होती ती त्याच्या क्लीनरने दाखवली, टपावर सामान असेल तर अडकेल म्हणाला, ती महावितरणकडे अर्ज करून वर घेतली. त्यानंतरच ओळ पक्की केली.

आता शेजारचं शेत. पलीकडे एका शेतकऱ्याचं ८ गुंठ्यांचं भातशेत आहे, भात कापून झाल्यावर ते मोकळं असतं आणि लग्नाच्या दिवशी तो पैसे घेऊन गाड्या लावू देतो. तिथे आणखी तीसेक गाड्या जातात. काकांना वाटत होतं की मग लिहू ना ६५. पण कोकणात जागा बारा महिने तीच राहत नाही. मार्च-एप्रिलात तो एका कोपऱ्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून दाढ भाजतो, तिथे चाक घातलेलं त्याला चालत नाही. मे संपत आला की पेरणीची तयारी, आणि मृग लागला की त्या मऊ मातीत ऑल्टोसुद्धा रुतते, मग ट्रॅक्टर बोलवा. आणि जूनच्या मुहूर्तांना तर मागणी असते, कारण मे महिन्यातल्या तारखा आधीच गेलेल्या असतात. म्हणून वेगळी ओळ: ‘मे अखेरपर्यंत शेजारच्या मोकळ्या जागेत आणखी ३० गाड्या. जूनमध्ये फक्त कंपाऊंडमधलं खडी टाकलेलं पार्किंग.’ खडी तेव्हा टाकलेली नव्हती, टाकून घेतली. काकांचा मुलगा म्हणाला की जूनचं उगाच कशाला सांगायचं. मी म्हटलं जूनचं लग्न असलेला माणूसच ती ओळ सगळ्यात आधी वाचेल.

आता क्षमता. इथे सगळे हॉलवाले एकच घोळ करतात, दिवसभरात जेवून गेलेली माणसं आणि एका वेळी बसलेली माणसं एकत्र करतात. काकांचे १००० पण तिथूनच आलेले, एकदा कुणाकडे हजार पानं उठली होती म्हणे. हॉल ७० बाय ४०, म्हणजे २८०० चौरस फूट. त्यात स्टेज १४ बाय ३०, ते ४२० गेले. स्टेजसमोर जी गर्दी उभी राहते, अंतरपाट धरल्यावर सगळे मामा-मावश्या अक्षता घेऊन पुढेच येतात, तेवढी जागा मोकळी ठेवावीच लागते. राहिले साधारण २००० फूट. खुर्च्या रांगेत लावल्या, मधली वाट धरली, की एका खुर्चीला ८ फूट. म्हणजे २५० खुर्च्या. बाजूच्या पडवीत शंभर बसतात, पण तिथून स्टेज तिरकं दिसतं, मंगलाष्टकं ऐकू येण्यासाठी स्पीकर लावावा लागला. असे झाले ३५०.

पाचशे माणसांच्या लग्नाला ३५० पुरतात का? पुरतात. मुहूर्ताच्या वेळी पाचशेच्या पाचशे माणसं कधीच बसलेली नसतात, काही उशिरा येतात, काही बाहेर पानसुपारी करत उभी असतात, पोरं गच्चीवर फोटो काढत असतात. पण ज्याला हजारचं वचन दिलंय त्याची पाचशे माणसं आली आणि दीडशे उभी राहिली की तो भांडणारच, आणि ज्याला ३५० सांगितलेत तो आधीच पडवीत स्पीकर आहे ना विचारून घेतो.

खरा प्रश्न जेवणाचा होता. जेवणाचा हॉल ५० बाय ३०, टेबल-खुर्ची लावून आणि वाढप्यांना वाट ठेवून माणशी १२ फूट धरले तर १२५, आम्ही लिहिले १२०. एक पंगत बसून उठून टेबलं पुसून पुढची बसेपर्यंत पाऊण तास जातो. घाई केली तर अर्धा तास, पण मग वाढपी मठ्ठा वाढतोय आणि मागे माणूस खुर्ची धरून उभा, हे दृश्य सगळ्यांना माहीतच आहे, मला वाटतं मध्यमवर्गीय यजमानाला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

आता गंमत बघा, पंगती किती होणार ते हॉलवर नाही, मुहूर्तावर ठरतं. आपल्याकडे मुहूर्ताआधी कुणी सहसा जेवायला बसत नाही, अक्षता पडल्या की सगळी माणसं एकदम जेवणाच्या हॉलकडे वळतात. मुहूर्त ११ वाजताचा असेल तर साडेअकरा ते अडीच अशा चार पंगती निघतात, म्हणजे ४८० पानं, आणि तीनच्या आत भांडी घासायला गेलेली असतात. तोच मुहूर्त १२:४० चा असेल तर पहिली पंगत एकला बसते आणि सव्वातीनपर्यंत तीनच होतात, ३६० पानं. पाचशेतली राहिलेली एकशेचाळीस माणसं सव्वातीननंतर जेवायला बसणार, आणि तोवर नवरीकडच्यांची परतीची बस हॉर्न देत असते. म्हणजे एकच हॉल, एकच आचारी, माणसं तेवढीच, पण दीड तासाच्या फरकाने एक कार्य नीट पार पडतं आणि दुसऱ्यात नाव जातं.

त्यावर उपाय म्हणून उशिराच्या मुहूर्ताला गच्चीवर पत्र्याखाली बुफेचे दोन काउंटर लावायचे ठरलं, तरुण मंडळी तिकडे जातात, वयस्कर पंगतीला. मे महिन्यात तो पत्रा भयंकर तापतो म्हणून खाली झावळ्या घातल्या, पंखे लावले. एकावेळी सत्तर-ऐंशी माणसं उभ्याने जेवतात आणि पंगतीचा ताण उतरतो. ब्रोशरमधली ओळ मग अशी झाली: ‘मुहूर्ताला ३५० जण बसून. पंगतीला एकावेळी १२०. सकाळी ११ पर्यंतच्या मुहूर्ताला ४५० पानं पंगतीतच, दुपारी ३ च्या आत. मुहूर्त उशिराचा असेल तर गच्चीवर बुफेची जोड.’ हिशेबाने ४८० येतात तरी ४५० लिहिले, कारण एखादी पंगत आहेर-फोटोसाठी दहा मिनिटं रेंगाळतेच.

काकांनी ही ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले की हे ब्रोशर आहे का रेल्वेचं टाइमटेबल. पण काकूंना आवडली, कारण फोनवर त्यांना हेच सांगत बसावं लागायचं. आणि एक विसरू नका, कागदावर छापलेला आकडा म्हणजे नुसती बढाई नसते, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि छापील पत्रकही जाहिरातीतच धरलं जातं. कोणी कोर्टात जात नाही हे मान्य, पण बिलाच्या वेळी तो ब्रोशर टेबलावर आपटतो एवढं पुरे असतं.

कॅटरिंगचं सगळ्यात अवघड गेलं, आणि कारण मजकूर नव्हता तर पैसे होते. हॉलचा ठरलेला केटरर होता, त्याच्या प्रत्येक पानामागे काकांना काही मिळायचं. त्यामुळे बाहेरचा आचारी म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं. पण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या घरात स्वतःच्या शेतातले तांदूळ असतात, नारळ असतात, आगळ असतं, मे महिना असेल तर झाडावर हापूस असतात. त्याला हे सगळं बाजूला ठेवून पानाला एकच गठ्ठा रेट द्यायला जिवावर येतं, आणि खरं सांगायचं तर त्यात पैशापेक्षा ‘घरचे तांदूळ’ हे पाहुण्यांना सांगण्यातला आनंद जास्त असतो.

मग काकूंनीच तोडगा काढला. तीन प्रकार ठेवायचे. एक, सगळं हॉलकडे, पानाप्रमाणे दर. दोन, सामान तुमचं, आचारी आणि वाढपी आमचे, त्यांची मजुरी फक्त. तीन, आचारीसुद्धा तुमचा, हॉल देणार स्वयंपाकघर, मोठी पातेली आणि पाणी, त्याचं भाडं ठरलेलं. तिसऱ्या प्रकारात कमिशन बुडतं ते स्वयंपाकघराच्या भाड्यातून थोडं भरून निघतं. त्यात अट एकच कडक ठेवली, सामानाची यादी आणि सामान आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवं, कारण सकाळी सहाला आचारी भाजी चिरायला बसतो आणि तेव्हा कळतं की वाटाणे भिजत घालायचे राहिले. काळ्या वाटाण्याची उसळ रात्रभर भिजवल्याशिवाय होत नाही, आणि ती नसेल तर इथलं अर्धं गाव जेवण कसं होतं याचं उत्तर ‘बरं होतं’ असं देतं.

ओळ अशी बसली: ‘जेवण तुमच्या सोयीने: सगळं आमच्याकडे द्या, किंवा तांदूळ-नारळ-आंबे घरचे आणि हात आमचे, किंवा आचारीही तुमचाच. अळूची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी नेहमीच्या पानात. उकडीचे मोदक आधी सांगितल्यास.’ मोदकांना ‘आधी सांगितल्यास’ मुद्दाम, कारण साडेचारशे पानांना दोन-दोन म्हटले तर नऊशे मोदक, त्यांच्या पाऱ्या हाताने करणाऱ्या बायका वेगळ्या बोलवाव्या लागतात, ते ऐनवेळी होत नाही.

हळदीच्या मटणाचा प्रश्न राहिला होता. बऱ्याच घरांत हळदीला मटण-वडे हवेच असतात, आणि बऱ्याच घरांना ज्या चुलीवर मटण शिजलं तिथे लग्नाचं जेवण नको असतं. दोघेही गिऱ्हाईकच. मागच्या शेडमध्ये वेगळी चूल आणि वेगळी भांडी होतीच, फक्त ते कोणी लिहिलं नव्हतं. ‘हळदीच्या सामिष जेवणासाठी मागे स्वतंत्र चूल आणि भांडी, मुख्य स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी.’ एका ओळीत दोन्हीकडच्या घरांची शंका मिटली. त्याखाली बारीक अक्षरात की रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, तो नियमच आहे.

पानांच्या आकड्यावरून होणारी भांडणं मात्र ब्रोशरमध्येच मिटवून टाकली. यजमान चारशे सांगतो, येतात साडेचारशे, मग रात्री बिलाला बसल्यावर कोण खरं? ओळ: ‘पानांचा शेवटचा आकडा ४ दिवस आधी. त्यावर २५ पानांची जादा तयारी आमची, जेवढी उठतील तेवढ्याचेच पैसे. मोजणी प्रत्येक पंगतीनंतर, तुमचा एक माणूस सोबत.’ हा सोबतचा माणूस म्हणजे बहुतेक एखादा जावई असतो, त्याला काम दिल्यासारखंही होतं.

मांडणीचं थोडक्यात सांगतो. ए-फोरची दोन घड्यांची पत्रिका, सहा पानं. पहिल्यावर फोटो आणि रस्ता, उघडल्यावर डावीकडे पार्किंग, मध्ये क्षमता, उजवीकडे जेवण. प्रत्येक पान वेगळा फोटो काढून पाठवलं तरी वाचता यायला हवं म्हणून अक्षर मोठं आणि मजकूर कमी, आणि मोबाईल नंबर सहाही पानांवर. मागच्या पानावर भाडं छापलं, त्यात काय धरलंय आणि काय नाही तेही. दरासाठी संपर्क साधा असं लिहिलं की मध्यमवर्गीय माणूस समजतो की आपल्याला झेपणार नाही, आणि फोनच करत नाही. जेवणाच्या पानाचा दर तेवढा छापला नाही, तेल आणि गॅस वरखाली होतात, तो वेगळ्या चिठ्ठीवर तारीख घालून देतात.

छापताना एक अडचण आली. शेजारच्या शेताचं दरवर्षी नव्याने बोलणं करावं लागतं आणि तो शेतकरी काही लिहून द्यायला तयार नाही, पुढच्या वर्षी तिथे मुलगा घर बांधेल म्हणतो. म्हणून ती तीस गाड्यांची ओळ छापलीच नाही. तिचा रबरी शिक्का बनवलाय, पार्किंगच्या पानावर खाली जागा सोडलीये, आणि शेताचं बोलणं झालं की काकू मे अखेरपर्यंतची तारीख विचारणाऱ्यांच्या ब्रोशरवर तो मारून देतात.